अपघातानंतर मानेचा पट्टा: कधी लावतात, कधी निघतो आणि कुणी काढायचा

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एकाच आठवड्यात दोन अपघात झाले. गुरुवारी रात्री इशाची नमाज आटोपून परतताना भाचा मोटरसायकलवरून घसरला. वय एकवीस. वळणावर खडी पडलेली होती, गाडी आडवी झाली आणि तो दुभाजकावर जाऊन आपटला. शनिवारी पहाटे मामू मशिदीच्या वजूखान्यात ओल्या फरशीवर पाय सटकून पडले. वय एकाहत्तर. कपाळ नळाच्या कठड्यावर आदळलं, थोडं रक्त आलं, रुमाल बांधला आणि फजर पढून ते चालत घरी आले.

भाच्याच्या गळ्यात १०८ च्या रुग्णवाहिकेतल्या माणसांनी जागेवरच कडक पट्टा बसवला होता. तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला आणि फोन सुरू झाले. मामूंच्या कपाळावर चिकटपट्टी होती. त्यांना कुणी विचारलंही नाही. ज्याच्या गळ्यात पट्टा तो आजारी आणि जो चालतोय तो बरा, असं आपण सगळे धरून चालतो. आम्हीही तेच धरलं. भाच्याचा पट्टा तीन तासांत निघाला. मामूंना तीन महिने लावावा लागला. हे असं का झालं, ते त्या दिवसांत डॉक्टरांना विचारून आणि नंतर वाचून आम्ही समजून घेतलं. ते इथे लिहीत आहोत, कारण आपल्या घरांत गाड्या घसरतात, म्हातारी माणसं पडतात, आणि दवाखान्यात त्या वेळी जे प्रश्न विचारले जातात ते आपल्याला विचित्र, कधी अपमानास्पदही वाटतात.

त्यातला पहिलाच प्रश्न आमच्याकडे भांडणापर्यंत गेला. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरांनी भाच्याला विचारलं, "काही घेतलंय का? दारू, गोळी, काही?" भाच्याचे अब्बा उसळलेच. "आमच्या घरात असली गोष्ट नाही, तुम्ही आमचं नाव बघून विचारताय की टोप्या बघून?" डॉक्टर शांत होते. म्हणाले, "चाचा, मी आरोप करत नाही. खोकल्याचं औषध, झोपेची गोळी, कुणी मेडिकलमधून आणून दिलेलं दुखण्याचं इंजेक्शन, काहीही चालेल. त्याची मान दुखत नाही असं तो सांगतोय. ते खरं धरायचं की नाही एवढंच मला ठरवायचं आहे."

ते वाक्य आमच्या डोक्यात राहिलं, कारण या सगळ्या प्रकाराची किल्ली त्यातच आहे. मार बसल्यावर मानेचा मणका मोडला असेल तर बहुतेक माणसांना तिथे दुखतं. जागा झालेला, भानावर असलेला माणूस दुखत नाही म्हणाला आणि दाबूनही दुखलं नाही, तर मोडलेला मणका असण्याची शक्यता फारच कमी. पण हे उत्तर देणाऱ्याचा मेंदू साफ हवा आणि त्याचं लक्ष दुसरीकडे ओढलेलं नको. नशा असेल तर वेदना कळत नाही. डोक्याला मार लागून गोंधळ झाला असेल तर कळत नाही. आणि शरीरात दुसरीकडे कुठे भयंकर दुखत असेल, म्हणजे मांडीचं हाड मोडलंय, हात चिरडलाय, मोठा भाजलाय, तरी मानेकडे लक्ष जात नाही. भाच्याचा उजवा हात कोपराखाली मोडलेला होता. तो त्या हाताकडेच बघत होता. मान दुखते का विचारलं की "नाही, हात बघा ना" म्हणायचा. या "नाही"ला डॉक्टरांच्या लेखी वजन नव्हतं.

यासाठी जगभर एक पद्धत वापरतात, तिचं नाव नेक्सस. अमेरिकेतल्या एकवीस ठिकाणी चौतीस हजारांवर रुग्ण तपासून तिचा अभ्यास झाला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. पद्धत अशी: मानेच्या मागे बरोबर मधल्या रेषेत, मणक्यांवर, दाबल्यावर दुखत नाही, नशा नाही, माणूस पूर्ण भानावर आहे, हातापायांत कुठे बधिरपणा किंवा कमजोरी नाही, आणि लक्ष ओढून घेणारी दुसरी दुखरी जखम नाही. या पाचही गोष्टी जुळल्या तर चित्र काढण्याची गरजच नाही, पट्टा तसाच काढा. एक जरी चुकली तरी स्कॅन. त्या अभ्यासात ८१८ जणांच्या मानेला खरोखर इजा होती. पाच अटींनी त्यातले आठ सोडून सगळे पकडले, आणि त्या आठांपैकी दोघांचीच इजा उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाची होती.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मधली रेषा म्हणजे मधली रेषा. मानेच्या बाजूचे स्नायू दुखणं हे वेगळं. डॉक्टर डोक्याच्या मागच्या खळगीपासून खाली पाठीच्या सुरुवातीपर्यंत एकेका मणक्याच्या टोकावर बोट ठेवून दाबत जातात आणि प्रत्येक वेळी विचारतात. आपण घाबरून सगळीकडेच "हो, दुखतं" म्हटलं तर त्यांनाही कळत नाही. रुग्णाला उत्तर देऊ द्यावं. आमच्याकडे भाच्याच्या वतीने चार जण उत्तरं देत होते, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना पडद्याबाहेर काढलं. बरोबर केलं.

दुसरी पद्धत कॅनडातली आहे, तिला कॅनडियन सी-स्पाइन रूल म्हणतात. ती २००१ साली आली. यात पाच अटींऐवजी तीन पायऱ्या आहेत, आणि ती फक्त पूर्ण शुद्धीत असलेल्या, नाडी-रक्तदाब ठीक असलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. पहिली पायरी धोक्याची: वय पासष्ट किंवा जास्त आहे का, हातापायांत मुंग्या येतात का, आणि अपघात कसा झाला. तीन फूट उंचीवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं, डोक्यावर सरळ आदळणं (उथळ पाण्यात सूर मारणारी मुलं आठवा), गाडी उलटणं, गाडीबाहेर फेकलं जाणं, अगदी सायकलची धडकसुद्धा त्यात धोकादायक धरली आहे. यातलं एक जरी असलं तरी पुढे विचार न करता स्कॅन. मोटरसायकलवरून दुभाजकावर फेकला गेलेला पोरगा इथेच थांबतो.

पहिल्या पायरीवर काही नसेल तर दुसरी: मान हलवून तपासणं सुरक्षित आहे असं सांगणारी एखादी तरी खूण आहे का. सिग्नलला उभ्या गाडीला मागून साधी धडक बसलीय, दवाखान्यात माणूस बसून आहे, अपघातानंतर कधीही चालला आहे, दुखणं नंतर सुरू झालं, किंवा मधल्या रेषेत दुखत नाही. एक खूण मिळाली की तिसरी पायरी: माणसाने स्वतः, कुणी न वळवता, मान उजवीकडे आणि डावीकडे पंचेचाळीस अंश वळवायची. पंचेचाळीस म्हणजे किती? नमाज संपवताना सलाम फिरवतो तेव्हा आपण मान जवळजवळ खांद्याकडे नेतो. साधारण त्याच्या निम्मी. वळली तर पट्टा काढा, स्कॅन नको. वळली नाही तर स्कॅन.

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याचं असंच झालं. नाक्यावर उभ्या गाडीला मागून दुसऱ्या कारने ठोकलं, त्या वेळी काही वाटलं नाही, सकाळी मान आखडली. तिशीतला माणूस, मुंग्या नाहीत, चालत आला, मान दोन्हीकडे वळवली. डॉक्टरांनी चित्रच काढलं नाही. घरी सगळे नाराज, "पैसे घेतले आणि एक्स-रेसुद्धा काढला नाही". इथे एक्स-रे न काढणं हाच नियमाचा निर्णय होता. पण कुणी ही वळवून बघण्याची परीक्षा घरी घेऊ नये. ती तिसरी पायरी आहे. पहिल्या दोन कुणी जाणकाराने पार केल्याशिवाय ती घ्यायचीच नाही.

आता भाच्याकडे परत. त्याचा सीटी स्कॅन झाला. अब्बांचं म्हणणं, आधी एक्स-रे काढा, स्वस्तात होईल. पूर्वी तसंच करायचे. मोठ्या माणसांत आता धोका दिसला की सरळ सीटी करतात, आणि त्यामागचं कारण मामूंच्या गोष्टीत येईल. सीटी साफ आला. आम्हाला वाटलं, आता पट्टा काढतील. नाही काढला. हाताला आधाराची पट्टी बांधली, दुखणं कमी झालं, तो नीट बोलायला लागला, मग डॉक्टर परत आले. हातापायांची ताकद, बोटांची जाणीव, मधल्या रेषेवर दाबणं, आणि शेवटी त्याने स्वतः मान वळवणं. चित्रात हाडं दिसली, पण माणूस काय सांगतो तेही जुळायला हवं. जुळलं. पट्टा निघाला. अपघातापासून तीन तास झाले होते. या मधल्या काळात त्याला तहान लागली होती आणि कुणीतरी पट्टा सैल करून पाणी पाजायला निघालं होतं. नर्सने हात धरला. पट्टा सैल केला की माणूस पाणी गिळताना मान पुढे काढतोच.

जितका वेळ गरज आहे तितकाच पट्टा ठेवावा, असं डॉक्टर म्हणतात त्यालाही कारण आहे. कडक पट्टा काही निरुपद्रवी वस्तू नाही. हनुवटीखाली, जबड्याच्या कडेला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला तो त्वचेवर दाब देतो, आणि बेशुद्ध माणसाला तिथे एक-दोन दिवसांत जखमा होऊ शकतात. मानेतल्या शिरा दाबल्या गेल्याने डोक्याला मार असलेल्या रुग्णाच्या मेंदूवरचा दाब वाढतो. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. म्हणून आयसीयूमध्ये बेशुद्ध असलेल्या, "दुखतं का" हे विचारताच न येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत पूर्वी आठवडेच्या आठवडे पट्टा ठेवायचे, ते आता बदललं आहे. अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांच्या एका संघटनेने २०१५ साली शिफारस केली की चांगल्या प्रतीचा सीटी स्कॅन पूर्ण साफ असेल तर एवढ्यावरच पट्टा काढता येतो. ही शिफारस सशर्त आहे आणि सगळी रुग्णालयं एकसारखं करत नाहीत. कुणी आधी एमआरआय करून मगच काढतात. आपल्या माणसाचा पट्टा बेशुद्धीतच काढला तर तो निष्काळजीपणा आहे असं लगेच समजू नका. सीटी कुणी वाचला आणि त्यात काय दिसलं, हे विचारा.

आता मामू. शनिवारी पडले. रविवारी मान आखडली. सगळे म्हणाले, उशी बदलली असेल, वारं लागलं असेल. एकाने तेल लावून चोळलं. मामूंना स्वतःला न्हाव्याकडे जायचं होतं. दाढी-कटिंग झाल्यावर तो मान दोन्हीकडे कडकन मोडतो, तेवढं केलं की मोकळं होतं असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. अल्लाहचं शुक्र, रविवारी गर्दी होती म्हणून ते परतले. सोमवारी गल्लीतल्या दवाखान्यात एक्स-रे काढला, एक समोरून आणि एक बाजूने. "नॉर्मल आहे, वयामुळे मणके झिजलेत" असं सांगून मऊ स्पंजचा पट्टा आणि दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या.

बुधवारी भाच्याला हात दाखवायला मोठ्या रुग्णालयात न्यायचं होतं. घरात दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून सोबत मामू गेले. रिक्षातून, खड्ड्यांतून. भाच्याचा हात बघता बघता डॉक्टरांची नजर मामूंकडे गेली. मामू खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी डोकं धरत होते, आणि कुणी हाक मारली की मान न वळवता सगळं अंगच वळवत होते. डॉक्टर म्हणाले, "बाबा, तुम्ही कधी पडलात?"

स्वतःचं डोकं हातांनी सावरून उठणं ही मानेच्या वरच्या मणक्यांच्या इजेची जुनी, ओळखीची खूण आहे. माणूस ती मुद्दाम करत नाही, शरीर आपसूक आधार शोधतं. पडल्यानंतर घरातलं कुणी वयस्क माणूस बिछान्यातून उठताना असं करताना दिसलं, तर मालीश नाही, शेक नाही, सरळ दवाखाना.

मामूंना तिथेच आडवं केलं, कडक पट्टा लावला आणि सीटीला नेलं. दुसऱ्या मणक्याला वर एक सुळका असतो, दातासारखा. डॉक्टर त्याला ओडोंटॉइड म्हणतात. पहिला मणका अंगठीसारखा आहे आणि तो या सुळक्याभोवती फिरतो. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो त्यातला मोठा भाग इथेच होतो. मामूंचा तो सुळका बुंध्याशी मोडला होता. सरकला नव्हता. याच्या मागे लगेच मज्जारज्जू आहे, आणि श्वासाचे संदेशही त्यातूनच खाली जातात. न्हाव्याच्या दुकानातली ती गर्दी आम्हाला आजही आठवते.

उभ्या उंचीवरून साधं पडणं, आणि एवढं? तरुणाला एवढं व्हायला मोठी धडक लागते. वय झाल्यावर दोन गोष्टी होतात. हाड ठिसूळ होतं, आणि मानेचे खालचे मणके झिजून ताठ होतात. मग पडताना कपाळ आपटलं की मान मागे वाकण्याचा सगळा जोर वरच्या, अजून फिरणाऱ्या दोन मणक्यांवर येतो. म्हणून कॅनडाच्या नियमात पासष्ट वर्षं हे एकटंच कारण पुरेसं धरलं आहे. कसं पडले, किती दुखतं, चालत आले का, काही विचारायचं नाही. नेक्ससमध्ये वयाची अट नाही. वयस्क माणूस दुखणं कमी सांगतो, काहींना खरंच कमी जाणवतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत पाच अटी जुळल्या तरी बरेच डॉक्टर त्यावर विसंबत नाहीत. २००३ साली दोन्ही पद्धती कॅनडातल्या रुग्णालयांत एकाच रुग्णांवर शेजारी शेजारी तपासल्या. तिथे कॅनडाच्या नियमातून महत्त्वाच्या इजेचा एक रुग्ण निसटला असता, नेक्ससमधून सोळा. नियम ज्यांनी बनवला त्यांच्याच घरची ही तपासणी, हे खरं. तरी घरात वयस्क माणसं असलेल्यांनी वयाचा आकडा ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आणि सोमवारचा तो एक्स-रे? तो खोटा नव्हता. तो अपुरा होता. मानेचा एक्स-रे धरायचा तर तीन बाजूंनी काढावा लागतो: बाजूने, समोरून, आणि तोंड उघडं ठेवून, कारण तो दाताचा सुळका तोंडाच्या उघड्या फटीतूनच समोरून दिसतो. मामूंचा तिसरा काढलाच नव्हता. बाजूच्या चित्रातही सातवा मणका आणि त्याखालचा छातीचा पहिला मणका यांचा सांधा दिसायला हवा. खांदे आड येतात म्हणून तो बऱ्याचदा दिसत नाही. आणि तिन्ही नीट काढले तरी एक्स-रेमध्ये मोडलेली बरीच हाडं सुटतात, झिजलेल्या मानेत तर जास्तच. सीटी मणक्याचे पातळ काप दाखवतो, त्यात हाडाची इजा क्वचितच सुटते. म्हणून आपल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल "एक्स-रे नॉर्मल" ऐकलं तर एवढंच विचारा, "साहेब, वयामुळे सीटी लागेल का?" प्रश्नात कुणाचा अपमान नाही.

लहान मुलांचं मात्र उलटं आहे. सीटीच्या किरणांचा त्रास वाढत्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला जास्त, म्हणून मुलांमध्ये डॉक्टर आधी नीट तपासतात, गरज पडली तर बऱ्याचदा एक्स-रेने सुरुवात करतात आणि सीटी हात राखून वापरतात. कॅनडाचा नियम सोळा वर्षांखालच्यांना लागूच नाही.

एमआरआयचं काय, हेही लोक विचारतात. सीटी हाड दाखवतो. एमआरआय मज्जारज्जू, चकत्या आणि मणके बांधून ठेवणारे पट्टे दाखवतो. हातापायांत कमजोरी, बधिरपणा, मुंग्या असतील तर सीटी साफ असला तरी एमआरआय लागतो. सीटी साफ आहे, कमजोरी नाही, पण मधल्या रेषेत दुखणं जात नाही, अशा रुग्णाबद्दल डॉक्टरांचं एकमत नाही. कुणी पट्टा काढतात, कुणी एमआरआय करतात, कुणी पट्टा ठेवून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. तिन्हींना आधार आहे. या शेवटच्या प्रकारात माणूस घरी पट्टा घेऊन येतो, आणि आपले लोक चौथ्या दिवशी "आता कुठे दुखतंय" म्हणून तो खुंटीला लावतात आणि परत दाखवायला जातच नाहीत. दुखणं गेलं की परत जायचं असतं, कारण खरी तपासणी तेव्हाच शक्य असते.

मामूंना ऑपरेशन की पट्टा, यावर दोन डॉक्टर बोलले. सुळका सरकला नव्हता, हातापायांची ताकद पूर्ण होती, साखरेचा त्रास होता. पट्टा ठरला. कडक, दोन तुकड्यांचा, पुढचा आणि मागचा, आणि सुमारे बारा आठवडे, रात्रंदिवस. गल्लीतून मिळालेला स्पंजचा पट्टा मोडलेलं हाड धरूच शकत नाही. तो फक्त आठवण करून देतो की मान हलवू नका.

त्या बारा आठवड्यांत आम्हाला जे प्रश्न पडले ते कुठल्या पुस्तकात लिहिलेले नव्हते. पट्टा हनुवटीवर नीट बसायला दाढी बारीक करायला सांगितली. मामू अडून बसले. मग इमाम साहेबांना विचारलं, त्यांनी उपचाराची गरज असेल तर हरकत नाही असं सांगितलं, आणि मामूंनी ऐकलं. नमाज खुर्चीवर बसून, रुकू आणि सजदा नुसत्या इशाऱ्याने, आणि तो इशाराही मान वाकवून नाही, कमरेतून थोडं पुढे झुकून. सलाम फिरवताना नुसती नजर उजवीकडे, मग डावीकडे. वजू करताना पाणी पट्ट्याच्या आत जाऊन ओल राहायची आणि कातडी मऊ पडायची, म्हणून ओला हात फिरवणं. वजू-नमाजात काय चालतं ते इमाम साहेबांना विचारायचं आणि पट्टा काढायचा की नाही ते डॉक्टरांना. या दोन प्रश्नांची गल्लत आमच्याकडे एकदा झाली. एका हितचिंतकाने "नमाजपुरता काढला तर काय होतं" म्हटलं. काय होतं ते डॉक्टरांनी त्याला सीटीवर दाखवलं.

पट्ट्याखालची कातडी रोज बघायची असते. आम्हाला नर्सने शिकवलं: मामू सपाट आडवे, उशीशिवाय, एकाने दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं, दुसऱ्याने पट्ट्याचा पुढचा भाग उघडून हनुवटी, जबडा आणि गळ्याच्या हाडाजवळ लालसरपणा बघायचा, पुसून कोरडं करायचं, आतली गादी बदलायची, परत बांधायचं. मग मागची बाजू. बसून नाही, एकट्याने नाही. ज्यांना असं शिकवलेलं नाही त्यांनी करूच नये, दवाखान्यात जाऊन करून घ्यावं. आठव्या दिवशी हनुवटीखाली लाल ठिपका दिसला, तो दाबला तरी पांढरा पडेना. तीच दाबाची जखम सुरू होण्याची खूण. पट्ट्याचं माप बदललं आणि ती थांबली.

ठरलेल्या वेळी एक्स-रे होत राहिले, सुळका जागेवर आहे का एवढं बघायला. बाराव्या आठवड्यात परत सीटी, आणि मग डॉक्टरांच्या समोर, मामूंनी स्वतःहून मान जितकी झुकेल तितकी पुढे आणि जितकी जाईल तितकी मागे नेऊन बाजूने दोन एक्स-रे. या दोन चित्रांत सुळका आपल्या जागेवरून हलतो का, हे बघायचं असतं. हाड पूर्ण जुळलं नव्हतं. या वयात बऱ्याचदा पूर्ण जुळत नाही. मधल्या फटीत चिवट तंतू भरले होते आणि दोन्ही चित्रांत काही हललं नाही. डॉक्टरांनी हे पुरेसं धरलं. पट्टा निघाला.

त्या दिवशी मामूंना आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली. डोकं जड लागत होतं, जणू दुसऱ्याचं आहे. तीन महिने स्नायूंनी काम केलं नव्हतं, हे अपेक्षितच असतं. व्यायाम हळूहळू, फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली. सजदा अजून खुर्चीवरच. त्या संध्याकाळी मगरिबला सलाम फिरवताना मामूंची मान उजवीकडे थोडी वळली. अर्ध्यावरही नाही. वजूखान्यात आता रबरी चटया टाकल्या आहेत. मामू महिन्यातून एकदा न्हाव्याकडे जातात, आणि भाचा सोबत जाऊन बसतो, कारण न्हावी जुना आहे आणि सवयीने त्याचा हात मानेकडे जातोच.